लॉटरी पण तोट्यात, विमा पण तोट्यात, मग विमाच का घ्यायचा? हिशोब पायरीपायरीने

"दहा वर्षं हप्ते भरतोय, एकदाही क्लेम नाही, सगळे पैसे पाण्यात." आणि "पाचशेचं तर तिकीट आहे, लागलं तर पंचवीस कोटी." ही दोन वाक्यं कधीकधी एकाच माणसाच्या तोंडून एकाच संध्याकाळी ऐकायला मिळतात. दोन्हीत अर्धाच हिशोब केलेला असतो. सरासरीने बघितलं तर लॉटरीच्या तिकिटात पैसे जातात आणि विम्यातही जातात, हे खरंच आहे, विमा कंपनी काही धर्मादाय चालवत नाही. पण सरासरी हा पहिला हिशोब झाला. दुसरा एक हिशोब असतो जो बहुतेक जण करतच नाहीत, आणि त्यात कळतं की तोट्यातला सौदा कधी शहाणपणाचा असतो आणि फायद्यातला दिसणारा सौदा कधी अंगाशी येतो. दोन्ही हिशोब मोबाईलवरच्या एक्सेलमध्ये होतात, बारावीचं गणित पण लागत नाही.

पायरी १: सरासरी काढा (लॉटरी)

एक्स्पेक्टेड व्हॅल्यू म्हणजे अपेक्षित मूल्य. प्रत्येक निकालाची रक्कम गुणिले तो निकाल लागायची शक्यता, आणि सगळ्याची बेरीज. एवढंच.

खरं उदाहरण घेऊ. केरळ सरकारची २०२२ ची ओणम बंपर लॉटरी. तिकीट ५०० रुपये, पहिलं बक्षीस २५ कोटी, दुसरं ५ कोटी, आणि तिसरी १ कोटीची दहा बक्षिसं. तिकिटं विकली गेली साधारण साडेसहासष्ट लाख. आता २५ कोटी भागिले ६६.५ लाख केलं की येतात जवळपास ३८ रुपये. म्हणजे तुमच्या पाचशेच्या तिकिटात पहिल्या बक्षिसाचा वाटा ३८ रुपयांचा. दुसऱ्या बक्षिसाचा साडेसात, दहा कोटींच्या तिसऱ्या बक्षिसांचा पंधरा. तिन्ही मिळून साठ रुपये. खाली लहान बक्षिसं भरपूर असतात, त्यांचं काय असा प्रश्न येईल, तर प्रत्येक बक्षिसाची यादी घेऊन बसायची गरज नाही, उलट्या बाजूने बघा. एकूण गल्ला ६६.५ लाख गुणिले ५०० म्हणजे साधारण ३३२ कोटी. तिकीट "बरोबरीचं" व्हायला हे सगळे ३३२ कोटी बक्षिसांत वाटायला पाहिजेत. पण तेव्हा लॉटरीवर २८ टक्के जीएसटी होता आणि तो तिकिटाच्या किमतीतच धरलेला, त्यातच जवळपास ७३ कोटी गेले (सप्टेंबर २०२५ पासून हा दर ४० टक्के झालाय). मग एजंट, छपाई, जाहिरात, सरकारचा नफा. म्हणजे बक्षिसांची यादी न बघताही कळतं की बरोबरी होणं शक्य नाही.

आणि ही झाली जाहीर रक्कम. २५ कोटींतून आधी एजंटचं १० टक्के कमिशन गेलं, उरलेल्यावर ३० टक्के कर कापला, हातात १५ कोटी ७५ लाख आले, वर सेस आणि सरचार्ज वेगळा. शिवाय लॉटरीच्या कमाईतून तिकिटांचा खर्च वजा करू देत नाहीत, वर्षभर हजारोंची तिकिटं घेतली असतील तरी कर पूर्ण बक्षिसावरच. म्हणजे ते ३८ रुपये खरं तर २४ च्या आतच.

अमेरिकेतल्या आपल्या लोकांना पॉवरबॉलचा मोह होतो तो वेगळ्या कारणाने. तिथे शक्यता २९ कोटी २२ लाखांत एक, तिकीट दोन डॉलर, आणि जॅकपॉट कुणालाच लागला नाही की पुढे वाढत जातो, त्यामुळे तो ५८ कोटी डॉलरच्या वर गेला की कागदावर तिकीट फायद्यात दिसायला लागतं. दिसतंच फक्त. जाहीर आकडा २९ वर्षांत ३० हप्त्यांनी मिळणारा असतो, एकरकमी घेतलं तर बराच कमी, त्यावर कर, आणि जॅकपॉट मोठा झाला की तिकिटं घेणारे वाढतात, त्यामुळे दोघातिघांत वाटणी व्हायची शक्यता पण वाढते.

पायरी २: तीच सरासरी विम्याला लावा

आता एक घर धरू. आकडे मी समजायला सोपे म्हणून धरलेत, तुम्ही तुमचे टाका. घरात सगळं मिळून मोडता येण्यासारखे १२ लाख आहेत, एफडी, म्युच्युअल फंड, सोनं धरून. वर्षभरात ८ लाखांचं हॉस्पिटलचं बिल यायची शक्यता शंभरात एक. सरासरी नुकसान ८,००० रुपये. विम्याचा हप्ता १२,०००. म्हणजे विमा घेतला तर दरवर्षी सरासरीने ४,००० चा तोटा.

इथे थांबलं की "पैसे पाण्यात" वाला माणूस बरोबर ठरतो.

थांबण्याआधी एक छोटी चाचणी मात्र शिकून घ्या, कुठल्याही पॉलिसीला लागते. हप्ता भागिले विमा रक्कम करा, ती झाली बरोबरीची शक्यता. खरी शक्यता त्यापेक्षा जास्त असेल तर सरासरीनेही तुम्ही फायद्यात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण, म्हणजे दहा हजारांत एक. जीवन ज्योती योजनेत ४३६ रुपयांत २ लाख, म्हणजे साधारण ४५९ त एक. ही दुसरी गंमतशीर आहे कारण हप्ता सगळ्या वयाला एकच, त्यामुळे पंचविशीतल्या निरोगी पोराला सरासरीने ती महाग पडते आणि पन्नाशीतल्याला स्वस्त. तरी पोराने घेऊ नये का? ते सरासरी सांगत नाही, त्याला पुढची पायरी लागते.

पायरी ३: रुपये नको, पट मोजा

हा लेखाचा मुख्य भाग, इथे घाई करू नका.

सरासरीच्या हिशोबात प्रत्येक रुपया सारखा धरलेला असतो. प्रत्यक्षात तसं नसतं, बारा लाखांतले शेवटचे चार लाख आणि वर मिळालेले जादाचे चार लाख यांची किंमत घराला सारखी नाही. शेवटच्या चारात भाडं, फी, किराणा असतो, वरच्या चारात नवीन गाडी. डॅनियल बर्नुली नावाच्या गणितज्ञाने १७३८ साली सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत हे मांडलं की जादाच्या रुपयाची किंमत तुमच्याकडे आधी किती आहे त्याच्या उलट प्रमाणात धरा. दुप्पट पैसा असेल तर तोच रुपया निम्म्या कामाचा. यातून लॉगरिदम येतो, पण वापरायला लॉग माहीत नसला तरी चालतो, फक्त बेरजेच्या सरासरीऐवजी गुणाकाराची सरासरी घ्यायची, म्हणजे प्रत्येक निकालानंतर हातात उरणाऱ्या रकमेला त्याच्या शक्यतेचा घात द्यायचा आणि सगळ्यांचा गुणाकार करायचा.

बर्नुलीने स्वतः विम्याचंच उदाहरण दिलंय. पीटर्सबर्गचा एक व्यापारी ॲमस्टरडॅमहून माल मागवतो, पोचला तर १०,००० रूबल. त्या मार्गावर शंभरातली पाच जहाजं बुडतात. विमा मागतो ८०० रूबल, सरासरी नुकसान मात्र ५०० च. मग घ्यावा का? उत्तर "घ्या" किंवा "नका घेऊ" असं नाहीच, उत्तर आहे की या मालाशिवाय व्यापाऱ्याकडे ५,०४३ रूबलपेक्षा कमी असतील तर घ्या, जास्त असतील तर राहू दे. आणि विमा देणाऱ्याकडे निदान १४,२४३ रूबल असतील तरच त्याने हा विमा द्यावा. एकच करार दोन्ही बाजूंना फायद्याचा, कारण दोघांचे खिसे वेगळे. मला विमा का अस्तित्वात आहे याचं यापेक्षा स्वच्छ उत्तर कुठे मिळालेलं नाही.

आता आपल्या घराला लावू. एक्सेलमध्ये A1 मध्ये घरातले एकूण पैसे, B1 मध्ये नुकसान, C1 मध्ये शक्यता (शंभरात एक म्हणजे 0.01). मग हे टाका:

```
=A1-A1^(1-C1)*(A1-B1)^C1
```

जो आकडा येईल तो तुमचा कमाल हप्ता, त्याच्या आत मिळाला तर विमा घ्यावा. बारा लाखांच्या घराला उत्तर येतं साधारण १३,११०. हप्ता १२,००० आहे, म्हणजे सरासरीने ४,००० चा तोटा असूनही घ्यायचाच. आता A1 मध्ये फक्त ९ लाख टाका, नुकसान तेच, शक्यता तीच. कमाल हप्ता एकदम १९,५६० वर जातो, कारण बिल भरल्यावर हातात एकच लाख उरतो. आणि ५० लाख टाकले तर ८,७१०, म्हणजे सरासरी नुकसानाच्या जेमतेम वर. पन्नास लाखवाल्याने १२,००० चा हप्ता नाकारला तर तो मूर्ख नाही, आणि नऊ लाखवाल्याने त्याचं बघून नाकारला तर त्याचं गणित चुकलं. मित्राने पॉलिसी घेतली नाही म्हणून मी पण नाही, हे म्हणूनच चालत नाही.

दोन अडचणी येतील. नुकसान घरातल्या पैशांपेक्षा मोठं असेल तर फॉर्म्युला एरर देतो, कारण शून्याच्या खाली पट नसते. व्यवहारात माणूस तेव्हा कर्ज काढतो, म्हणून A1 मध्ये पुढच्या काही वर्षांची वाचू शकणारी कमाई पण धरा, पण हात आखडून धरा. टर्म इन्शुरन्सला तर हेच उलटं करायचं, जो गेला त्याच्या नाही तर मागे राहणाऱ्यांच्या बाजूने मोजायचं, त्यांचं नुकसान म्हणजे येणार असलेली सगळी कमाई. मघाच्या पंचविशीतल्या पोराचं उत्तर इथे आहे, त्याच्यावर कुणी अवलंबून नसेल तर २ लाखांच्या विम्याला फारसा अर्थ नाही, आईवडील त्याच्या पगारावर असतील तर ४३६ रुपये काहीच नाहीत.

दुसरी अडचण, शक्यता कुणालाच नेमकी माहीत नसते. म्हणून एक आकडा धरून बसू नका, C1 बदलत जा आणि निर्णय कुठे पालटतो ते बघा. आपल्या घराला १२,००० चा हप्ता ०.९१ टक्क्यांच्या वर परवडतो, म्हणजे १०९ त एक. सरासरीच्या हिशोबाने तो १.५ टक्क्यांच्या वर परवडला असता. या दोन आकड्यांच्या मधली जागा म्हणजे जिथे विमा तोट्यात असूनही बरोबर असतो. तुमचा अंदाज दोन टक्के असेल तर वाद घालण्यात वेळ घालवू नका, अर्धा टक्का असेल तर हप्ता महाग आहे, दुसरी पॉलिसी बघा.

पायरी ४: फायद्याची पैज, आणि तरी नको

आता उलटी बाजू. कोणी तुम्हाला म्हणतो, नाणं उडवू, छापा आला तर मी तुला ६ लाख देतो, काटा आला तर तू मला ५ लाख दे. नाणं खरं आहे, माणूस पैसे देणारा आहे. सरासरी काढा, ३ लाख वजा अडीच लाख, प्रत्येक वेळी ५० हजारांचा फायदा. हे बरोबरीपेक्षाही चांगलं आहे. घ्यायचं?

बारा लाख असतील तर जिंकल्यावर १८, हरल्यावर ७. गुणाकाराची सरासरी म्हणजे १८ गुणिले ७ चं वर्गमूळ, ११.२२. बारापेक्षा कमी. म्हणजे ही "फायद्याची" पैज तुम्हाला पाऊण लाखाहून जास्त नुकसानीची. पन्नास लाख असतील तर ५६ गुणिले ४५ चं वर्गमूळ ५०.२, म्हणजे घ्या.

पटत नसेल तर पुन्हा पुन्हा खेळून बघा. दर वेळी जवळ असेल त्याच प्रमाणात लावायचं, जिंकलं तर दीडपट, हरलं तर बाराचे सात. एकदा जिंकलात, १२ चे १८ झाले. एकदा हरलात, १८ चे साडेदहा. क्रम उलटा केला तरी साडेदहाच. एक जीत एक हार, म्हणजे नशीब अगदी सरासरी, आणि तरी दीड लाख गेले. मग ती ५० हजारांची सरासरी कुठे गेली? ती काही खोटी नाही, ती सलग जिंकत गेलेल्या थोड्या लोकांच्या खात्यात आहे. शंभर जण खेळले तर शंभरांची सरासरी वाढलेली दिसेल आणि त्यातले बहुतेक जण गरीब झालेले असतील. ऑप्शन ट्रेडिंगमध्ये "माझी स्ट्रॅटेजी पॉझिटिव्ह आहे" म्हणणारे लोक खोटं बोलत नसतात, तरी अकाउंट साफ होतं ते बऱ्याचदा यामुळे.

पण हीच पैज लहान करून बघा. बारा लाखांवर ५० हजार लावा, जिंकले तर ६० हजार. १२.६ गुणिले ११.५ चं वर्गमूळ १२.०३७. फायद्यात आलात. १ लाख लावले (जिंकले तर १ लाख २० हजार) तर १२.०५, याच्याहून जास्त मिळत नाही. २ लाख लावले तर बरोबर १२, म्हणजे फायदा शून्य. त्याच्या वर सगळा तोटा. पैज तीच, नाणं तेच, फक्त आकार बदलला. सगळ्यात चांगला आकार एकूण पैशाच्या बाराव्या भागाचा आला, तो काढायची रीत जॉन केली याने १९५६ मध्ये बेल लॅबमध्ये असताना मांडली, सोप्या रूपात अशी: जिंकायची शक्यता वजा (हरायची शक्यता भागिले एका रुपयावर मिळणारे रुपये). इथे ०.५ वजा (०.५ भागिले १.२), म्हणजे ०.०८३. उत्तर शून्य किंवा उणे आलं तर एक रुपया पण लावायचा नाही. आणि जिंकायची शक्यता आपण नेहमी फुगवून धरतो, म्हणून येईल त्याच्या निम्मंच लावणारे लोक शहाणे.

पायरी ५: तोच फॉर्म्युला तिकिटावर चालवा

हे करून बघाच, कारण निकाल अपेक्षेपेक्षा विचित्र येतो. वरच्याच फॉर्म्युल्यात नुकसानाच्या जागी उणे २५ कोटी टाका, शक्यता एक भागिले ६६,५०,०००, पैसे १२ लाख. उत्तर उणे येईल, उणे चिन्ह सोडून वाचा. ९६ पैसे! सरासरीने ३८ रुपयांचं असलेलं पहिलं बक्षीस या घराला एका रुपयाच्या पण कमी किमतीचं, आणि हे कर कापायच्या आधी. सरकारने उद्या दानशूरपणे पूर्ण बरोबरीची लॉटरी काढली, सगळा गल्ला एकाच बक्षिसात वाटला, तरी बारा लाखवाल्याने ५०० ला ते तिकीट घेण्यात काही अर्थ नसेल.

अजून एक बघा. दहा जणांना १ कोटीचं जे तिसरं बक्षीस होतं त्याची किंमत याच हिशोबाने साधारण ४ रुपये येते, म्हणजे २५ कोटींच्या चौपट, एकूण रक्कम अडीच पटीने कमी असून. पैसे जितके जास्त लोकांत विभागलेले तितकं तिकीट खऱ्या अर्थाने चांगलं. पण पोस्टरवर छापतात २५ कोटी, कारण विकतं ते.

मजेसाठी कोणी वर्षाला एखादं तिकीट घेत असेल तर घेऊ दे, सिनेमाला पण पैसे जातातच. दर आठवड्याला "गुंतवणूक" म्हणून घेणाऱ्यासाठी हे लिहिलंय.

पायरी ६: कुठला विमा नको

नवीन फोन घेताना स्क्रीनचा विमा देतात. धरू स्क्रीन ८,००० ची, वर्षात फुटायची शक्यता दहात एक, प्लॅन १,४९९ चा. सरासरी नुकसान ८००, आणि बारा लाखांच्या घराचा कमाल हप्ता ८०२. दोन रुपयांचा फरक! नुकसान पैशांच्या मानाने लहान असलं की दोन्ही हिशोब एकच होतात आणि मग साधी सरासरी बघितली की पुरतं, ८०० च्या वस्तूला १,४९९ द्यायचे नाहीत. आरोग्य विम्यात पण याच कारणाने पहिले पंचवीस-पन्नास हजार स्वतः भरायचं डिडक्टिबल घेऊन वाचलेल्या हप्त्यात मोठी विमा रक्कम घेणं बहुतेक वेळा परवडतं, लहान क्लेम दोन्ही बाजूंना खर्चिक असतात आणि तो खर्च हप्त्यातच येतो.

पायरी ७: क्लेम नाकारला तर, हे पण हिशोबात धरा

आतापर्यंत आपण धरलं की बिल आलं की कंपनी देणारच. आता धरा दहात एक क्लेम नाकारला जातो (हा पण धरलेला आकडा). तेव्हा तुमचे १२,००० पण गेले आणि ८ लाख पण, हातात ३.८८ लाख. विमा नसल्यापेक्षाही वाईट. पुन्हा गुणाकाराची सरासरी काढली तर विमा घेतलेल्या घराचं मूल्य ११,८६,६७० येतं आणि विमा न घेतलेल्याचं ११,८६,८९०. म्हणजे चांगला वाटणारा विमा अवघ्या दहा टक्के अविश्वासाने काठावरून पलीकडे पडला.

म्हणून हप्त्यात हजार-पाचशे वाचवायला चार वेबसाइट बघण्यापेक्षा प्रपोजल फॉर्म स्वतः भरा, एजंटला भरू देऊ नका. जुनी शुगर, बीपी, आधीचं ऑपरेशन, घेत असलेल्या गोळ्या, सगळं लिहा, त्यामुळे हप्ता वाढला तर वाढू दे आणि वाढलेला हप्ता पुन्हा फॉर्म्युल्यात टाकून बघा. रूमभाड्याची मर्यादा वाचा, कारण मर्यादेपेक्षा महाग रूम घेतली तर बऱ्याच पॉलिसींत फक्त भाड्याचा फरक नाही, बिलातले बाकीचे खर्च पण त्याच प्रमाणात कापतात, आणि तुमचे ८ लाख म्हणून धरलेलं संरक्षण पाच-साडेपाचवर येऊ शकतं. प्रतीक्षा काळ किती वर्षांचा आहे ते बघा, कारण त्या वर्षांत त्या आजारापुरती तुमची विम्याची शक्यता शून्यच धरायची. हे सगळं वाचून झाल्यावर जो खरा मिळेल असा आकडा वाटेल, तोच B1 मध्ये टाका, ब्रोशरवरचा नाही.